पाचांत वाटलेली किल्ली, कोणत्याही तिघांनी उघडायची

प्रश्न: आमची सांगलीत छोटी पतसंस्था आहे. रोजचा बॅकअप एन्क्रिप्ट होतो, पण त्याची ६४ अक्षरी किल्ली एकट्या माझ्याकडे आहे. संचालक म्हणतात, ती पाच जणांत वाटा, कोणतेही तिघे जमले की उघडली पाहिजे. मी किल्लीचे दहा तुकडे करून असे वाटायचे ठरवले आहे की कोणत्याही तिघांत मिळून सगळे तुकडे येतात आणि कोणत्याही दोघांत एक तुकडा कमी पडतो. हे चालेल का, की शमीर पद्धतच हवी? आणि तिच्यात काय चुकू शकतं?

उत्तर:

चालणार नाही, आणि का ते तुमच्याच आकड्यांत दिसतं. ६४ हेक्स अक्षरांचे दहा तुकडे केले की चार तुकडे सात अक्षरांचे आणि सहा तुकडे सहा अक्षरांचे होतात. दोघं जण एकत्र आले की त्यांना एकच तुकडा कमी पडतो, म्हणजे बहुतेक जोड्यांना फक्त सहा अक्षरं माहीत नसतात. प्रत्येक हेक्स अक्षर सोळांपैकी एक असतं, म्हणून अशा सहा अक्षरांच्या शक्यता १ कोटी ६७ लाखांच्या आसपास. एवढ्या किल्ल्या एकामागून एक लावून बघणं हे साध्या लॅपटॉपचं काही मिनिटांचं काम आहे. कागदावर तुमची योजना ‘तिघांची’ असली तरी खरं तर ती ‘दोघं आणि एक लॅपटॉप’ अशी आहे.

वाटणीची तुमची कल्पना मात्र बरोबर आहे, चूक फक्त तुकडे करण्यात आहे. तेच दहा ‘तुकडे’ किल्लीचे तुकडे नसून प्रत्येकी ६४ अक्षरांच्या दहा स्वतंत्र संख्या असत्या, आणि त्या सगळ्यांची एक्सॉर, म्हणजे हातचा न धरता बिटाबिटाची बेरीज, केली की किल्ली तयार होणार असती, तर एक जरी संख्या कमी असली तरी हाती काहीच लागलं नसतं. ती योजना पक्की आहे, पण प्रत्येकाला सहा संख्या म्हणजे ३८४ अक्षरं सांभाळावी लागतात. माणसं वाढली की हे हाताबाहेर जातं. आदी शमीर यांनी १९७९ साली हा विषय मांडताना सुरुवातच या अडचणीने केली होती: ११ शास्त्रज्ञ, त्यांतले कोणतेही सहा आले तरच कपाट उघडावं, तर कुलपं किती लागतील? उत्तर आहे ४६२ कुलपं, आणि प्रत्येकाच्या जुडग्यात २५२ किल्ल्या. त्याच वर्षी जॉर्ज ब्लॅकली यांनीही स्वतंत्रपणे एक उपाय काढला, पण रोजच्या वापरात टिकली ती शमीर यांची रीत, कारण तिच्यात प्रत्येकाला एकच हिस्सा मिळतो आणि तो मूळ किल्लीएवढाच लांब असतो.

रीत शाळेतल्या आलेखाचीच आहे. दोन बिंदूंतून एकच रेषा जाते, पण एका बिंदूतून हव्या तितक्या जातात. तसंच, तीन बिंदू दिले की त्यांतून जाणारी वर्गबहुपदी एकच असते, आणि दोनच दिले तर अनंत. म्हणून ‘तिघं हवेत’ असेल तर वर्गबहुपदी घ्यायची, तिच्यातली स्थिर संख्या म्हणजे आपलं गुपित, बाकीचे दोन सहगुणक यंत्राने रँडम निवडायचे, आणि प्रत्येकाला वक्रावरचा एकेक बिंदू द्यायचा.

लहान आकड्यांत करून बघू. समजा गुपित ५८ आहे. सगळं गणित ९७ ने भागून उरणाऱ्या बाकीत करायचं (९७ ही मूळ संख्या आहे, ती का ते पुढे येईल). रँडम सहगुणक आले २३ आणि ६४. बहुपदी झाली ५८ + २३x + ६४x². x च्या जागी १ घातला तर १४५, त्यातून ९७ गेले, उरले ४८. २ घातला तर ३६०, बाकी ६९. ३ ला ७०३, बाकी २४. ४ ला ११७४, बाकी १०. ५ ला १७७३, बाकी २७. तर पहिल्याचा हिस्सा ‘१–४८’, दुसऱ्याचा ‘२–६९’, मग ‘३–२४’, ‘४–१०’, ‘५–२७’. काम झालं की बहुपदी पुसून टाकायची.

आता पहिला, दुसरा आणि तिसरा आले. त्यांच्यासाठी सूत्र असं निघतं: पहिल्याची तिप्पट, वजा दुसऱ्याची तिप्पट, अधिक तिसरा. १४४ – २०७ + २४ = –३९, आणि ९७ मिळवले की ५८. दुसरा, चौथा आणि पाचवा आले तर गुणक बदलतात: दुसऱ्याला १०/३, चौथ्याला –५, पाचव्याला ८/३. म्हणजे (६९० + २१६) भागिले ३, वजा ५०. ९०६ ला तीनने भागलं की ३०२, त्यातून ५० गेले की २५२, आणि ९७ ने भागून बाकी पुन्हा ५८. इथे भागाकार नशिबाने नीट गेला. न गेला तर ‘तीनने भागणे’ म्हणजे ६५ ने गुणणे, कारण ३ × ६५ = १९५ आणि त्याची बाकी १ येते. ज्या संख्येने भागून बाकी काढतो ती मूळ संख्या हवी ती यासाठी: शून्य सोडून प्रत्येक संख्येला असा जोडीदार मिळतो.

दोघांना काय कळतं? पहिला आणि दुसरा मिळून १४४ – २०७ एवढंच करू शकतात, म्हणजे –६३. गुपित आहे –६३ अधिक तिसऱ्याची संख्या. तिसऱ्याची संख्या ० ते ९६ मधली काहीही असू शकते, आणि तिच्या प्रत्येक किमतीला गुपिताची एक वेगळी किंमत येते. २४ असेल तर ५८, २५ असेल तर ५९, २६ असेल तर ६०. एकही शक्यता गळत नाही आणि एकही जास्त संभाव्य ठरत नाही. दोघं एकत्र येण्याआधी ९७ शक्यता होत्या, नंतरही ९७ च. तुमच्या तुकड्यांच्या योजनेत आणि हिच्यात फरक आहे तो हाच. यात ‘फोडायला फार वेळ लागेल’ असा प्रकारच नाही. कितीही मोठा संगणक आणला तरी फोडायला काही हाती नसतं.

बाकी काढायची भानगड कशाला, असं वाटेल. ती काढली नाही तर काय होतं बघा. पहिल्याकडे १४५, दुसऱ्याकडे ३६०. वजाबाकी केली की एक सहगुणक अधिक दुसऱ्याची तिप्पट बरोबर २१५ हे कळतं, आणि ते परत घातलं की गुपित म्हणजे ‘दुसऱ्या सहगुणकाची दुप्पट वजा ७०’ असं निघतं. म्हणजे गुपित सम संख्या आहे हे फुकटात कळलं, आणि कुठलीच संख्या ऋण नाही हे धरलं तर ते ७२ च्या वर जात नाही हेही. ९७ शक्यतांच्या ३७ च उरल्या. ‘बहुपदी वापरली म्हणजे शमीर झालं’ असं समजून साध्या पूर्णांकांत लिहिलेला कोड मी दोनदा पाहिला आहे. चालतो झकास, उत्तरही बरोबर येतं, आणि माहिती मात्र गळत असते.

कोडचाच विषय निघाला म्हणून आणखी एक. प्रोग्रामर मोजायला शून्यापासून सुरुवात करतो. x च्या जागी शून्य घातलं तर बहुपदीत उरते फक्त स्थिर संख्या, म्हणजे शून्य क्रमांकाचा हिस्सा हेच गुपित! लूप ० पासून ४ पर्यंत फिरवला तर पाच जणांपैकी एकाच्या पाकिटात सरळ किल्ली जाते, आणि चाचणीत हे पकडलं जात नाही, कारण जोडणी व्यवस्थित होते. म्हणून स्वतः लिहू नका, तयार साधन घ्या. तशी साधनं गणित थोडं वेगळ्या क्षेत्रात करतात (९७ च्या जागी बाइट किंवा बिटांचं क्षेत्र), पण वरचं सगळं तसंच लागू पडतं.

आता चुकतं कुठे. या पद्धतीला ‘चूक’ म्हणताच येत नाही, हा तिचा सगळ्यात मोठा दोष. आपल्या उदाहरणात तिसऱ्याने २४ ऐवजी ४२ वाचलं तर १४४ – २०७ + ४२ = –२१, म्हणजे ७६. उत्तर आलं. एरर नाही, लाल अक्षरं नाहीत. कोणतेही तीन बिंदू दिले की त्यांतून एक वक्र जातोच, तो आपला आहे की नाही हे त्याला ठाऊक नसतं. ‘किल्ली चालत नाही’ हे तुम्हाला कळणार ते बॅकअप उघडत नाही तेव्हा, आणि तेव्हा बॅकअपच बिघडलाय, की किल्ली चुकलीय, की कुठल्या हिश्श्यात गडबड आहे, हे कळायला मार्ग नसतो.

एका संस्थेत मी हे अनुभवलं आहे. रचना तुमच्यासारखीच, पाचांपैकी तीन. वर्षभराने सराव म्हणून तिघांना बोलावलं. किल्ली बनली, फाइल उघडेना. पुन्हा टाइप केलं, पुन्हा तेच. सगळ्यांचे चेहरे उतरले, कारण मूळ किल्ली केव्हाच नष्ट केलेली. उरलेल्या दोघांना फोन करून दुपारपर्यंत बोलावलं. पाच हिस्से हातात आले की त्यांतून तिघांचे दहा गट पडतात. एकच हिस्सा चुकला असेल तर तो ज्या चार गटांत नाही, ते चारही गट एकच उत्तर देतात. बाकीचे सहा भलतीकडे जातात. आम्ही दहाही गट लावले. चार जुळले, आणि त्या चारांत तिसऱ्या क्रमांकाचा हिस्सा कुठेच नव्हता. तो होता एका ज्येष्ठ संचालकांचा. त्यांचा कागद घेऊन बसलो. हिस्सा त्यांनी स्वतःच्या सुंदर हस्ताक्षरात उतरवला होता, आणि सवयीने काही अंक देवनागरीत लिहिले होते. त्यांचा मराठी १ आम्ही इंग्रजी 9 म्हणून टाइप करत होतो. ते म्हणाले, ‘‘अहो, मी तर एकच लिहिलाय.’’ खरंच होतं ते. बँकेच्या स्लिपवर, चेकवर आयुष्यभर तसंच लिहिलेलं.

तेव्हापासून हिस्सा लिहून घेताना मी अंक इंग्रजीतच लिहायला लावतो. मराठी ४ आणि इंग्रजी 8, मराठी ७ आणि इंग्रजी 6 यांचीही तीच गत होते. हेक्समध्ये अक्षरं a ते f आणि अंक ० ते ९ एवढेच असतात, त्यामुळे b आणि 6 यांचीही गल्लत होते. चार-चार अक्षरांचे गट पाडून लिहायचं, आणि लिहून झालं की दुसऱ्याने नव्हे, त्याच माणसाने ते कागदावरून वाचून परत टाइप करायचं. सुरुवातीचा क्रमांकही हिश्श्याचा भाग आहे. ‘३–२४’ मधला ३ गेला तर उरलेलं २४ कुठे लावायचं ते कळत नाही.

चार जुळण्याची युक्ती पाच हिस्से असले तरच चालते. चारच आणि त्यांतला एक चुकीचा, तर चार गटांपैकी एकच बरोबर उत्तर देतो आणि ताडून बघायला दुसरं कोणी नसतं. म्हणून ‘ही किल्ली बरोबर आहे’ हे सांगणारं काहीतरी बाजूला हवंच. ते तुमच्या रचनेत आपोआप बसवता येतं, आणि त्यासाठी आधी एक मूळ गोष्ट बदलावी लागेल.

तुमचा बॅकअप रोज रात्री आपोआप एन्क्रिप्ट होतो म्हणता. म्हणजे ती ६४ अक्षरी किल्ली सर्व्हरवर कुठल्यातरी कॉन्फिग फाइलमध्ये पडलेली आहे. ती तिथे असेपर्यंत पाच जणांत वाटण्याला काही अर्थ नाही, कारण सर्व्हरवर ज्याचा हात पोचतो त्याला तिघांची गरजच नाही. इथे सार्वजनिक आणि खासगी अशी जोडकिल्ली हवी. सार्वजनिक किल्लीने कुलूप लावता येतं, उघडता येत नाही, ती सर्व्हरवर उघडी राहू द्या. वाटायचा तो खासगी किल्लीला लावलेला पासफ्रेज. मी `age` हे साधन वापरतो. नेटवर्क नसलेल्या, पेन ड्राइव्हवरून सुरू केलेल्या लॅपटॉपवर एवढंच करायचं:

```
age-keygen -o backup.key
openssl rand -hex 16
age -p -o backup.key.age backup.key
ssss-split -t 3 -n 5 -x -w nav1
```

पहिली ओळ जोडकिल्ली बनवते आणि सार्वजनिक भाग पडद्यावर दाखवते, तो सर्व्हरवर न्यायचा. दुसरी ३२ हेक्स अक्षरांचा पासफ्रेज देते. तिसरी खासगी किल्लीची फाइल त्या पासफ्रेजने बंद करते. ही बंद फाइल कितीही ठिकाणी ठेवा, सर्व्हरवर, पाचही जणांच्या पेन ड्राइव्हवर. चौथी ओळ `ssss` या शमीर पद्धतीच्या तयार साधनाची, ती पासफ्रेज विचारते आणि त्याचे पाच हिस्से पाडते. `-x` म्हणजे आपण हेक्स देतो आहोत, आणि `nav1` ही फक्त खूण, प्रत्येक हिश्श्याच्या सुरुवातीला लागते. एक हिस्सा ३२ अक्षरांचा, कागदावर आठ गटांत मावतो. १२८ बिट झाले, ते इथे पुरेसे आहेत. आणि तपासणीचं कामही झालं: जोडलेला पासफ्रेज चुकला असेल तर `age` तो स्वीकारतच नाही, फाइल उघडत नाही. म्हणजे गडबड हिश्श्यांत आहे की बॅकअपमध्ये, हे एका मिनिटात वेगळं होतं.

पासफ्रेज रँडमच असू द्या. ‘सगळ्यांना आठवेल असा ठेवू’ असं कोणीतरी म्हणतंच. हिस्से कितीही पक्के असले तरी आठवणारा पासफ्रेज अंदाजाने लावता येतो, आणि बंद फाइल तर सगळीकडे ठेवलेली.

`ssss-split` पाचही हिस्से एकदम पडद्यावर दाखवतं. म्हणजे वाटणाऱ्याला सगळं दिसतं, आणि वाटणारे तुम्हीच. गणिताने यातून सुटका नाही, म्हणून त्या वेळी खोलीत आणखी कोणी हजर ठेवा. एकेकाला पुढे बोलावून त्याची ओळ सोडून बाकीच्या कागदाने झाका, त्याला हाताने उतरवू द्या. प्रिंटर नको. ऑफिसच्या मोठ्या प्रिंटरमध्ये डिस्क असते. मोबाइलने फोटो तर नकोच, तो पाच मिनिटांत क्लाउडवर गेलेला असतो. तिघांनी लगेच जोडून `backup.key.age` उघडून बघायची, मग उरलेल्या दोघांनी पहिल्या एकाला घेऊन. त्यात पाचही कागद एकदा तरी वापरले जातात.

जोडण्याच्या क्षणाबद्दलही सांगतो. तिघं जमून `ssss-combine -t 3 -x` चालवतात तेव्हा त्या लॅपटॉपवर पूर्ण पासफ्रेज तयार होतो. त्यानंतर थ्रेशोल्ड, म्हणजे किमान तिघांची अट, वगैरे काही उरत नाही, समोर बसलेल्या प्रत्येकाकडे किल्ली आहे. म्हणून जिथे रोज सही करायची असते तिथे ही पद्धत चुकीची आहे. तिथे किल्ली कधीच एकत्र न येता हिस्सेदारांनी मिळून सही करायच्या वेगळ्या पद्धती असतात. वर्षातून एखाद वेळी, आणीबाणीत उघडायच्या बॅकअपला मात्र हे शोभतं. फक्त एकदा खरंच उघडावं लागलं की त्यानंतर नवी जोडकिल्ली आणि नवे हिस्से, हे आधीच ठरावात लिहून ठेवा.

मुद्दाम खोटं बोलणाऱ्याचं काय? समजा तिसऱ्याने २४ ऐवजी ३४ सांगितलं. उत्तर ६८ येईल, सगळे म्हणतील किल्ली चालत नाही, आणि घरी जातील. पण त्याने दहा वाढवले होते हे त्याला माहीत आहे, आणि आपल्या तिघांच्या सूत्रात तिसऱ्याचा गुणक १ आहे, म्हणून तो ६८ मधून दहा वजा करतो आणि खरं गुपित एकट्याच्या खिशात घालून जातो. अशांना पकडण्यासाठी हिश्श्यासोबत जाहीर पुरावे देणाऱ्या पद्धती आहेत, पॉल फेल्डमन यांची १९८७ ची प्रसिद्ध आहे. पतसंस्थेला तिची गरज नाही. उघडणं फसलं तर कोणालाही जाऊ न देता उरलेल्यांना बोलावायचं आणि सगळे गट लावून बघायचे, एवढा नियम पुरतो.

माणसं बदलतात तेव्हा जास्त घोळ होतो. निवडणूक झाली, एक संचालक गेले, नवे आले. जाणाऱ्यांकडून कागद परत घेतला तरी त्याची नक्कल त्यांच्याकडे नाही हे कोण सांगणार? हिस्सा रद्द करता येत नाही, त्यावर तारीख नसते. अशा तीन निवडणुका झाल्या की बाहेरच्या माणसांकडेच तीन हिस्से जमतात. गुपित तेच ठेवून हिस्से ताजे करायची एक सुंदर युक्ती आहे: स्थिर संख्या शून्य असलेली नवी बहुपदी घ्यायची, समजा १५x + ४०x², आणि तिच्या किमती जुन्या हिश्श्यांत मिळवायच्या. पहिल्याचे ४८ होतात ६, दुसऱ्याचे ६९ होतात ६५, तिसऱ्याचे २४ होतात ४१. सूत्र लावा: १८ – १९५ + ४१ = –१३६, म्हणजे ५८ च. आणि जुना-नवा मिसळला, पहिल्याचे जुने ४८ आणि बाकी दोघांचे नवे, तर १४४ – १९५ + ४१ = –१०, म्हणजे ८७, कचरा. पण तीन जुने कागद कुठे शिल्लक राहिले तर ते अजूनही उघडतातच. म्हणून तुमच्यासाठी मी याहून साधं सांगेन: संचालक बदलले की नवी जोडकिल्ली, खूण `nav2`, नवे पाच हिस्से. जुन्या बॅकअपसाठी जुना संच त्यांची मुदत संपेपर्यंत ठेवावा लागतो, तोवर जुने कागद परत घेऊन वेगळ्या पाकिटात सील करा. खूण लिहिलेली असली की दोन संच मिसळायची भीती राहत नाही.

तीन आणि पाच हे आकडेही विचार करून ठेवा. सगळ्या जगाच्या इंटरनेट नावांच्या मुळाशी असलेली सही करणारी किल्ली २०१० पासून अशाच रचनेत आहे. कॅलिफोर्नियातलं एल सेगुंडो आणि व्हर्जिनियातलं कल्पेपर या दोन्ही ठिकाणी प्रत्येकी सात अधिकारी, त्यांतले तीन हजर असले की नेहमीचं काम चालतं. सगळंच गेलं तर परत उभारण्यासाठी आणखी सात जण जगभर विखुरलेले, त्यांतले पाच लागतात. गणिताने तिथे कधी दगा दिला नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये एल सेगुंडोच्या तिजोरीचं कुलूप बिघडलं आणि ठरलेलं काम काही दिवस पुढे गेलं. लगेच पुढच्या वेळी, एप्रिलमध्ये, कोविडमुळे अधिकाऱ्यांना प्रवासच करता येईना, तर काहींनी तिथल्या लॉकरच्या आपल्याकडच्या किल्ल्या टपालाने पाठवल्या.

तुमच्याकडे कोविडच्या जागी कृष्णा धरा. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत पाणी कुठवर आलं होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. पाचपैकी तीन कागद शाखेच्या एकाच लोखंडी कपाटात असतील तर कपाट पाण्यात गेलं की बॅकअप गेला, आणि कपाट कोणी फोडलं तर थ्रेशोल्डही गेला. एका छताखाली जास्तीत जास्त दोन. एक तरी हिस्सा पुण्या-मुंबईकडे, शक्य तर बँकेच्या लॉकरमध्ये. कागद लॅमिनेट नको, पाणी एकदा आत शिरलं की निघत नाही. साधा जाड कागद, पेन्सिल किंवा न फुटणारी शाई, झिपच्या पिशवीत.

‘अध्यक्षांना दोन हिस्से द्या’ असा आग्रह बैठकीत होईल. पद्धतीत ते बसतं. शमीर यांच्या मूळ लेखातच कंपनीच्या चेकचं उदाहरण आहे, अध्यक्षाला तीन हिस्से, उपाध्यक्षाला दोन, बाकी अधिकाऱ्यांना एक. पण तुमच्याकडे तसं केलं की अध्यक्ष आणि कोणीही एक, असे दोघंच पुरतात, आणि अध्यक्षांचं पाकीट हरवलं की एकदम दोन हिस्से जातात. मी तरी नको म्हणेन. व्यवस्थापक, लेखापाल आणि तुम्ही, तिघं एकाच केबिनमध्ये बसत असाल तर तिघांनाही हिस्सा देऊ नका.

तुमच्याकडच्या ६४ अक्षरी जुन्या किल्लीचं काय करायचं तेही ठरवा. नव्या पद्धतीने बॅकअप सुरू झाला, आणि तिघांनी कागदावरून पासफ्रेज जोडून एक खरी बॅकअप फाइल दुसऱ्या मशिनवर उघडून त्यातलं एखादं खातं वाचून दाखवलं, की मग ती सर्व्हरच्या कॉन्फिगमधून काढा. जुने बॅकअप अजून लागणार असतील तर ती 64 अक्षरं असलेली फाइलही सार्वजनिक किल्लीने `age` मधून बंद करून ठेवा, म्हणजे तीही त्याच तिघांच्या हातात जाते. मग `backup.key` ची उघडी प्रत पुसा, आणि तुमच्या डायरीतलं ते पानही फाडून जाळा. बहुतेक ठिकाणी राहतं ते हे पानच.